कव्वालीतली ओळ किती वेळा म्हणायची?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात वाढलेल्या आम्हा मराठी माणसांचे कान आधी कीर्तनावर तयार होतात. तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी तानसेनाच्या समाधीपाशी, हजीऱ्याला, ढोलीबुवांची हरिकथा होते आणि प्रेषितांच्या स्तुतीचा मिलादही. कव्वाली कळायला मला त्या हरिकथेचाच उपयोग झाला.

सुरुवातीला पेटी आणि ढोलकवर नुसती धून वाजते. तिला नगमा म्हणतात. मग मुख्य कव्वाल एखादा शेर तालाशिवाय, सावकाश म्हणतो. तोवर मंडळी स्थिरावतात, शब्द कानावर पडतात. त्यानंतर ठेका धरून मुखडा येतो, हमनवा म्हणजे साथीदार तो उचलतात आणि टाळी सुरू होते. मध्येच कव्वाल दुसऱ्याच कवीचा शेर किंवा दोहा आणून मुखड्याला जोडतो. ही गिरह, म्हणजे गाठ. कीर्तनकार दृष्टांत सांगून मूळ अभंगाच्या चरणावर परततो, अगदी तसंच.

खरी गंमत पुढे, तकरारीत. इथे तकरार म्हणजे एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणणं. समजा, केरव्याच्या आठ मात्रा, मिनिटाला ८० मात्रांची लय आणि ओळ दोन आवर्तनांची. ती १२ सेकंदांनी परत येते. लय वाढत १६० झाली की ६ सेकंदांनी. आता कव्वाल अर्धीच ओळ धरतो: ३ सेकंद. मग चार मात्रांत बसणारा एकच शब्द: दीड सेकंद. लय फक्त दुप्पट झाली, पण शब्द आठपट वेगाने अंगावर येतो. ढोलकवाल्याला नुसतं पळवून हे साधत नाही. श्रोता शब्दात शिरण्याआधीच लय चढवली तर टाळ्या विस्कटतात, माना डोलायच्या थांबतात. मुरलेला कव्वाल मग खाली उतरतो आणि दुसरा शेर काढून बघतो.

कारण त्याची नजर सतत श्रोत्यांवर असते. दर्ग्यातल्या मैफलीत कुणी 'वाह' म्हणतो, कुणाचे डोळे भरतात, कुणी उठून नजराणा आधी पीरसाहेबांच्या हाती देतो आणि तिथून तो कव्वालांकडे जातो. ज्या शब्दावर माणूस उठला, तोच शब्द कव्वाल धरून ठेवतो. कुणाला 'हाल' आला, म्हणजे भान हरपलं, तर तो भानावर येईपर्यंत ओळ बदलायची नाही, असा रिवाज आहे. ध्वनिमुद्रित कव्वालीत नेमकं हेच हरवतं. तिथे तकरार आधीच मोजलेली असते.

या रिवाजामागची कथा दिल्लीची, १२३५ सालची. सूफी संत कुतुबुद्दीन बख्तियार काकींना एका फारसी शेरावर हाल आला. 'समर्पणाच्या खंजिराने मारलेल्यांना अदृश्यातून क्षणोक्षणी नवा प्राण मिळतो' असा त्याचा अर्थ. सांगतात, पहिल्या ओळीला ते निष्प्राण होत आणि दुसरीला पुन्हा जिवंत. कव्वाल दोन्ही ओळी दिवसरात्र गात राहिले. शेवटी पहिल्या ओळीनंतर कव्वाल थांबले आणि काकींनी देह ठेवला.