एकच फोन फिरवायचा की प्रत्येकाने आपापला घ्यायचा?

लुडोचं अ‍ॅप उघडलं की पहिल्याच पानावर तीन-चार बटणं दिसतात. त्यातली दोन नेहमी एकमेकांच्या जागी दाबली जातात. एकावर `Pass N Play` किंवा तत्सम काहीतरी लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर `Play with Friends`. दोन्हींत घरचीच माणसं खेळणार, म्हणून दोन्ही सारखीच वाटतात. पण पहिल्यात एकच फोन सगळ्यांच्या हातांतून फिरतो, तर दुसऱ्यात प्रत्येकाकडे स्वतःचा फोन लागतो आणि सगळ्यांना इंटरनेटही लागतं. कुटुंबाचा डाव रंगणार की अर्ध्यात मोडणार, हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

आपण कुठलं बटण दाबलंय हे कळत नसेल तर फोन फ्लाइट मोडवर टाकून आणि वाय-फायही बंद करून बघा. तरीही डाव सुरू झाला, तर तो एका फोनवरचा खेळ. अडला, तर तो सर्व्हरवरचा. `Online` असं लिहिलेलं तिसरं बटण मात्र वेगळंच आहे. ते अनोळखी माणसांशी गाठ घालून देतं, त्यामुळे लहान मुलांच्या हाती फोन देण्याआधी ते त्यांना दाखवून ठेवावं.

एका फोनवरचा डाव सरळ असतो. फोन मधोमध ठेवायचा, ज्याची पाळी त्याने फासा दाबायचा. हा फासा फोन स्वतःच टाकतो, त्यामुळे नेटवर्क असो वा नसो, काही अडत नाही. सहसा वेळेची घाईही नसते. आजोबा चष्मा शोधेपर्यंत डाव शांतपणे थांबून राहतो. अडचणी येतात त्या वेगळ्याच. मध्येच कोणाचा तरी कॉल येतो. फोन पुढे सरकवताना बोट लागतं आणि नको ती सोंगटी पुढे जाते. बहुतेक ठिकाणी गेलेली चाल परत घेता येत नाही. म्हणून डावाआधी कॉलची सूचना बंद करावी, स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवावी आणि फोन हातात न देता टेबलावर सपाट ठेवून फिरवावा.

`Play with Friends`, म्हणजे खोली करून आपापल्या फोनवर खेळायचं असेल, तर एक जण अ‍ॅपमध्ये खोली उघडतो. अ‍ॅप एक कोड देतं, तो बाकीच्यांना पाठवायचा आणि त्यांनी तो टाकून आत यायचं. आता प्रत्येकाला पट आपल्या बाजूने दिसतो आणि परगावी असलेली आत्याही डावात येते. पण प्रत्येक पाळीला काही सेकंदांचीच मुदत असते. ती चुकली की अ‍ॅप पाळी वगळतं किंवा स्वतःच चाल खेळतं. असं लागोपाठ झालं, तर त्या खेळाडूला डावाबाहेरही काढलं जातं. आजीच्या सोंगट्या “आपोआप चालतात” अशी तक्रार आली, तर फोन बिघडलेला नसतो. मुदत संपलेली असते किंवा नेट तुटलेलं असतं. अशा वेळी आत्याला वेगळा कॉल लावून बोलत खेळलं, तर “तुझी पाळी” हे तिला वेळेवर कळतं.

घरात तिघं आणि चौथी आत्या बाहेरगावी असेल, तर तिघांनी एका फोनवर आणि आत्याने तिच्या फोनवर, असं मिश्रण सहसा जमत नाही, कारण खोलीत एका फोनला एकच रंग मिळतो. मग चौघांनी चार फोन घ्यायचे, किंवा आत्याला कॉलवर ठेवून तिच्या वतीने दुसऱ्या कोणी फासा दाबायचा. माझं मत विचाराल तर दुसरा मार्ग चांगला. मुदतीचा ताण राहत नाही आणि आत्या फक्त “ती हिरवी पुढे घे” एवढंच सांगते.

डाव किती वेळ चालेल याचा अंदाज आधी घेतलेला बरा. लुडोत सोंगटी बाहेर आल्यावर घरात पोहोचेपर्यंत 56 पावलं चालते. चार सोंगट्यांची झाली 224. फाशावर सरासरी साडेतीन पडतात, म्हणजे जिंकायला साधारण 64 वेळा फासा टाकावा लागतो. सोंगटी बाहेर काढायला सहाची वाट बघावी लागली, सोंगटी मारली गेली किंवा घराशी नेमकं दान पडलं नाही, तर आणखी. चौघांचे मिळून 250च्या वर. प्रत्येक वेळी आठ सेकंद धरले तरी अर्धा तास सहज उलटतो. सहा वर्षांचं मूल एवढं बसत नाही, म्हणून त्याच्यासाठी लवकर संपणारा छोटा डाव अ‍ॅपमध्ये असेल तर तोच निवडावा.

मुलांच्या रडण्याचं आणखी एक कारण म्हणजे सहा न पडणं. मग घरात कोणीतरी हमखास म्हणतं, की अ‍ॅप लबाडी करतं. हिशेब करून बघू. एका फेकीत सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. सलग दहा फेकींत एकदाही न पडण्याची शक्यता सुमारे 16 टक्के. चार खेळाडू असतील, तर त्यांतल्या निदान एकाची पहिल्या दहा पाळ्यांत सोंगटीच न निघण्याची शक्यता जवळपास 50 टक्के होते. म्हणजे अगदी प्रामाणिक फाशानेही दर दोन डावांमागे एकात कोणीतरी ताटकळत बसतंच. मुलांना हे खेळाआधी सांगितलेलं चांगलं. सापशिडीत हा प्रश्न येत नाही, कारण तिथे बहुतेक वेळा सहाची वाट न बघता पहिल्या दानापासूनच चालता येतं.

लुडोत हे दोन्ही प्रकार चालतात, कारण तिथे हातचलाखी नसते, फक्त दान आणि कुठली सोंगटी हलवायची एवढंच. कॅरममध्ये मात्र हात महत्त्वाचा, आणि म्हणून निवडही बदलते. खऱ्या बोर्डची खेळायची जागा सुमारे 74 सेंटिमीटर चौरस असते आणि सोंगटी साधारण तीन सेंटिमीटर रुंद. फोनचा पडदा सात सेंटिमीटर रुंद धरला, तर बोर्ड दहापट लहान होतो आणि सोंगटी उरते जेमतेम तीन मिलिमीटर. अंगठा टेकला की दोन-तीन सोंगट्या त्याखाली झाकल्या जातात. त्यामुळेच अ‍ॅपमध्ये स्ट्रायकर खालच्या पट्टीवर सरकवायचा, बोट मागे ओढून जोर ठरवायचा आणि नेम दाखवणारी रेषा बघायची, अशी सोय असते. खऱ्या बोर्डवर ज्याची बोटं तयार आहेत, तो फोनवर हरू शकतो, आणि घरातलं लहान पोर जिंकू शकतं. मला यात कॅरमचा अपमान दिसत नाही. कौशल्य वेगळं आहे, एवढंच.

एका फोनवर कॅरम खेळताना बघायचं ते पट फिरतो की नाही. समोरच्याच्या पाळीला पट फिरून त्याच्या बाजूला आला नाही, तर त्याला उलट्या बाजूने नेम धरावा लागतो किंवा दर फटक्याला फोन फिरवावा लागतो, आणि फिरवताना बोट लागून फटका सुटतो. एक-दोन फटक्यांतच हे लक्षात येतं. पट फिरत नसेल, तर कॅरमसाठी खोली करून आपापल्या फोनवर खेळा. प्रत्येकाला बोर्ड आपल्या बाजूने मिळेल, आणि फटका पाळीपाळीनेच असल्यामुळे नेट जरा मंद असलं तरी डाव चालतो. खोली उघडताना प्रवेशासाठी अ‍ॅपमधली किती नाणी लागणार हे आधी पाहा. सगळ्यांत कमी नाण्यांची खोली निवडली, की हरलेल्याला पुढच्या डावातही बसता येतं.