ऋण प्रबलन म्हणजे शिक्षा नव्हे

चार ओळींचा प्रसंग आणि खाली 'संकल्पना ओळखा' असा प्रश्न आला की मानसशास्त्राचे विद्यार्थी बहुतेक संकल्पना बरोबर ओळखतात. नवा पासवर्ड टाकताना बोटं जुन्याकडेच वळत असतील, तर जुनी आठवण नव्याच्या आड येते आहे, म्हणजे प्रोअ‍ॅक्टिव्ह इंटरफिअरन्स. नवा पासवर्ड पक्का झाल्यावर जुना आठवेनासा झाला, तर रेट्रोअ‍ॅक्टिव्ह. विमान अपघाताची बातमी ताजी आहे म्हणून कुणी विमानाऐवजी गाडीने जायचं ठरवलं, तर चटकन आठवलं तेच जास्त घडतं असं त्याला वाटतंय. हा उपलब्धतेचा पूर्वग्रह. कुकरच्या शिट्टीने तोंडाला पाणी सुटलं तर अभिजात अभिसंधान, कारण पाणी सुटणं आपल्या हातात नसतं. आपण काही केलं, त्याचा काही परिणाम झाला आणि त्यामुळे पुढचं वागणं बदललं, तर साधक अभिसंधान. इथवर फारसं कुणी अडत नाही.

अडतात ते साधक अभिसंधानाच्या आतल्या एका जोडीवर. ऋण प्रबलनाच्या जागी शिक्षा आणि शिक्षेच्या जागी ऋण प्रबलन लिहिलं जातं. गाइडं तर बिनदिक्कत छापतात, 'ऋण प्रबलन, उदा. छडी मारणे'. हे साफ चूक आहे.

गोंधळाचं मूळ शब्दात आहे. काही पुस्तकांत 'नकारात्मक प्रबलन' असतं आणि ते वाचताच मनात काहीतरी वाईट, कडू येतं. म्हणून मला 'ऋण'च बरा वाटतो, त्यात कर्जाचा वास असला तरी. इथलं धन आणि ऋण म्हणजे गणितातली अधिक-उणे चिन्हं. वागण्यानंतर काहीतरी आलं तर धन, काहीतरी गेलं तर ऋण. चांगलं-वाईट याच्याशी त्यांचा संबंध नाही. प्रबलन म्हणजे बळ मिळणं, ते वागणं पुढे वाढणं किंवा टिकणं. शिक्षा म्हणजे ते वागणं पुढे कमी होणं. त्यामुळे प्रबलन, मग ते धन असो की ऋण, वागणं कधीच कमी करत नाही. विद्यार्थ्यांवर फार चिडायलाही नको, कारण साधक अभिसंधानाची कल्पना मांडणाऱ्या खुद्द स्किनरने 1938 च्या आपल्या पुस्तकात 'ऋण प्रबलन' हा शब्द आज आपण शिक्षा म्हणतो त्या अर्थाने वापरला होता. 1953 च्या पुस्तकापर्यंत त्याने तो बदलला. आपली गाइडं मात्र 1938 मध्येच आहेत.

प्रयोगासाठी उंदीर ठेवतात त्या स्किनरच्या पेटीत एक दांडी असते, तळाला धातूच्या गजांची जाळी असते आणि तिच्यातून सौम्य विजेचा झटका देता येतो. झटका चालू आहे, उंदीर धडपडतो, धडपडीत दांडी दाबली जाते आणि झटका बंद होतो. पुढे झटका बसला की उंदीर अधिकाधिक लवकर दांडीकडे धावतो. दांडी दाबणं वाढलं, कारण त्यानंतर त्रास गेला. हे ऋण प्रबलन. आता उलट मांडणी करा. झटका नाहीच, उंदीर खाण्यासाठी दांडी दाबत होता आणि दाबल्याबरोबर झटका बसू लागला. दांडी दाबणं कमी झालं. ही शिक्षा. झटका तोच, उंदीर तोच, दांडीही तीच. बदलला तो फक्त क्रम. पहिल्यात त्रास वागण्याच्या आधीपासून होता, दुसऱ्यात तो वागण्यानंतर आला.

रोजच्या प्रसंगात त्रास आधी होता की नंतर आला, एवढं पाहिलं तरी निम्मा गोंधळ सुटतो. सीट बेल्ट लावेपर्यंत गाडी पीं-पीं करते, लावला की गप्प होते आणि माणूस बसल्या बसल्या बेल्ट लावायला लागतो, तर ते ऋण प्रबलन. डोकं दुखत होतं, गोळी घेतली, थांबलं, पुढच्या वेळी गोळी लवकर घेतली, तर तेही तेच.

उरलेला निम्मा गोंधळ 'काढून घेतलं' या शब्दांत अडकलेला असतो. रात्री उशिरापर्यंत खेळली म्हणून मुलीचा मोबाइल दोन दिवस काढून घेतला आणि तिचं उशिरा खेळणं कमी झालं. विद्यार्थी 'काढून' वाचतात आणि 'ऋण प्रबलन' लिहून मोकळे होतात. ऋण बरोबर आहे, प्रबलन चूक. गेली ती हवीशी गोष्ट आणि वागणं कमी झालं, म्हणून ही ऋण शिक्षा. चिन्ह ठरतं काय आलं किंवा काय गेलं यावरून, नाव ठरतं वागणं वाढलं की घटलं यावरून. हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा, एका दमात नको.

त्याआधीही एक प्रश्न आहे आणि तो जवळजवळ कुणीच विचारत नाही. वागणं कुणाचं? किराणा दुकानात चार वर्षांचा मुलगा चॉकलेटसाठी फरशीवर आडवा पडून रडतो. आई चॉकलेट घेऊन देते. रडं थांबतं. पुढच्या खेपेला तो दारातच सूर लावतो आणि आईही लगेच चॉकलेट घेऊन देते. संकल्पना ओळखा. मुलाचं रडणं पाहिलं, तर त्यानंतर चॉकलेट आलं आणि रडणं वाढलं, म्हणून धन प्रबलन. आईचं चॉकलेट देणं पाहिलं, तर त्यानंतर कानाजवळचा आक्रोश गेला आणि देणं वाढलं, म्हणून ऋण प्रबलन. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. तेव्हा ज्याच्याबद्दल विचारलंय त्याच्या क्रियापदाखाली आधी पेन्सिलने रेघ ओढा. प्रश्नात ते सांगितलेलं नसेल, तर उत्तरात स्वतःच लिहा, 'आईच्या वागण्याच्या दृष्टीने'.

हेल्मेटचा प्रसंग याहून चकवणारा. विनाहेल्मेट गाडी चालवली, दंड झाला, विनाहेल्मेट चालवणं कमी झालं, तर शिक्षा. तोच माणूस दंड टाळायला चौकाच्या अलीकडे हेल्मेट चढवू लागला, तर हेल्मेट घालणं वाढलं, म्हणून ऋण प्रबलन. इथे विद्यार्थी विचारतात, गेलं काय? त्रास आलाच नाही! बरोबर, तो येण्याआधीच टळला. चालू त्रासातून सुटणं आणि येऊ घातलेला त्रास टाळणं, दोन्ही ऋण प्रबलनातच मोडतात. पहिल्याला पलायन म्हणतात, दुसऱ्याला परिहार. परिहाराचे प्रसंग अवघड वाटतात ते याचमुळे, की त्यात डोळ्यांना काहीच घडताना दिसत नाही.

आता प्रश्न काढणाऱ्यांबद्दल. 'शिक्षकांनी बडबड करणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर काढले. संकल्पना ओळखा.' या प्रश्नाला उत्तर नाही, कारण पुढे बडबड वाढली की घटली हे दिलेलंच नाही. शिक्षकांचा हेतू शिक्षेचा होता, पण हेतूवरून नाव ठरत नाही. बडबड घटली असेल तर ती शिक्षा. पण तास कंटाळवाणा असेल, बाहेर गेल्यावर त्या कंटाळ्यातून सुटका होत असेल आणि दुसऱ्या दिवशी मुलगा पाचव्याच मिनिटाला बडबड सुरू करत असेल, तर त्याच्या बडबडीला ऋण प्रबलन मिळालं. आणि त्याला बाहेर काढताच वर्ग शांत होतो म्हणून शिक्षकही आता लवकर लवकर बाहेर काढत असतील, तर त्यांच्या वागण्यालाही ऋण प्रबलनच मिळतंय.