तोंडी युक्तिवाद, कनिष्ठ वकिलाचा (गोवा)

मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे (पर्वरी) कनिष्ठ वकिलाने थोड्या वेळात, बहुधा दहाएक मिनिटांत, आपली बाजू मांडण्याची रीत. युक्तिवाद इंग्रजीत चालतो. पक्षकाराशी बोलणे मात्र कोकणी-मराठीत होते.

संबोधन. ‘मायलॉर्ड’ हे संबोधन गोव्यात पोर्तुगीज परंपरेतून आलेले नाही; त्या परंपरेत न्यायाधीशाला ‘मेरितीसिमो’ म्हणत. १९६३ च्या विनियमाने न्यायिक आयुक्तांचे न्यायालय आले आणि ३० ऑक्टोबर १९८२ पासून मुंबई उच्च न्यायालयाची अधिकारिता लागू झाली. संबोधन या दुसऱ्या टप्प्यात पक्के झाले असावे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००६ च्या नियमानुसार उच्च न्यायालयात ‘युअर ऑनर’ किंवा ‘ऑनरेबल कोर्ट’ आणि खालच्या न्यायालयांत ‘सर’ किंवा प्रादेशिक भाषेतला तसाच शब्द पुरेसा आहे. तरीही जुनी सवय टिकून आहे. ‘तुम्ही’ एवढे मात्र टाळावे.

मांडणी. समजा, हद्दीवरच्या भिंतीच्या वादात म्हापशाच्या दिवाणी न्यायालयाने प्रतिवादीचा कैफियत-दुरुस्तीचा अर्ज फेटाळला आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खाली त्याची याचिका आली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६, नियम १७ च्या परंतुकाप्रमाणे सुनावणी सुरू झाल्यावर दुरुस्ती हवी असेल, तर पुरेशी तत्परता दाखवूनही तो मुद्दा आधी मांडता आला नसता हे दाखवावे लागते. पहिल्या मिनिटात वकील आक्षेपित आदेशाची तारीख, त्याचे पान आणि मागणी सांगतो. पुढची दोन मिनिटे तारखांची: प्रतिवादीचा जमीन-मोजणीचा अर्ज वादीच्या सरतपासणीच्या शपथपत्राआधीचा, नकाशा हाती आला त्यानंतर. इथे वकील थांबतो, खंडपीठाचे पान उघडेपर्यंत बोलत नाही.

मग एकच मुद्दा: खालच्या न्यायालयाने नकाशा हाती आल्याची तारीख पाहिलीच नाही. २२७ ची अधिकारिता देखरेखीची आहे, अपिलाची नव्हे. म्हणून भिंत कोणाच्या जागेत आहे यावर इथे बोलणे व्यर्थ. बहुतेक नवखे वकील नेमके तिथेच अडकतात आणि चार मिनिटे घालवतात.

प्रश्न येतोच: ‘भिंत तर आधीपासून माहीत होती ना?’ उत्तर आधी ‘होय’, मग कारण: ती आपल्या सर्व्हे क्रमांकात आहे हे मोजणीनेच कळले. ‘त्याकडे येतोच’ म्हटले की खंडपीठाचा विश्वास उडतो. पान सापडत नसेल तर तसे सांगून पुढे जावे.

शेवटची दोन मिनिटे पर्यायी मागणीसाठी राखलेली: उलटतपासणी अजून झालेली नाही, तेव्हा खर्चाच्या अटीवर दुरुस्ती मंजूर व्हावी. ती मागणी याचिकेच्या प्रार्थनेत नसली तरी तोंडी करता येते. मात्र पक्षकाराची संमती सकाळीच घेतलेली असावी.