चौथ्या घाताला काहीच उरत नाही

गेल्या सत्रात एका विद्यार्थिनीने वर्गात लॅपटॉप माझ्यासमोर धरला. घोटीहून रोज रेल्वेने नाशिकला अप-डाउन करणारी, हुशार मुलगी. मी वर्गाला ही मॅट्रिक्स दिली होती आणि हिच्या सगळ्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे प्रत्येक चौरस मॅट्रिक्सला चिकटलेल्या काही खास संख्या, शून्य आहेत असं सांगितलं होतं:

```
A = [ -1  -1  -1   3 ]
    [ -1  -2  -2   5 ]
    [ -1  -2  -3   6 ]
    [ -1  -2  -3   6 ]
```

"सर, कॉम्प्युटर शून्य दाखवत नाहीये," ती म्हणाली. पडद्यावर चार संख्या होत्या. दशांशचिन्हानंतर तीन शून्यं आणि मग आकडे, शिवाय काहींना काल्पनिक भागही जोडलेला. तिचं गणित चुकलं नव्हतं, माझं विधानही चुकलं नव्हतं. मग गडबड कुठे आहे, हे सांगायला मला दीडशे वर्षं मागे जावं लागलं.

1870 साली अमेरिकेत बेंजामिन पिअर्स या हार्वर्डच्या प्राध्यापकाने एक लांबलचक प्रबंध तयार केला. पुस्तकविक्रेत्यांकडे तो आला नाही. हाताने लिहून शिळाछापाने त्याच्या जेमतेम शंभर प्रती काढल्या आणि ओळखीपाळखीच्या लोकांना वाटल्या. पिअर्ससमोरचा प्रश्न असा होता: ज्यात बेरीज आणि गुणाकार करता येतो, पण गुणाकारात नेहमीचे सगळेच नियम पाळले जातातच असं नाही, अशा किती वेगवेगळ्या बीजगणितीय रचना असू शकतात? त्यांची वर्गवारी करताना त्याला दोन स्वभावाचे घटक पुन्हा पुन्हा भेटू लागले. एकाचा वर्ग केला तरी तो तसाच राहतो. दुसऱ्याचा वर्ग किंवा पुढचा कुठला तरी घात केला की तो नाहीसा होतो. पहिल्याला त्याने आयडेम्पोटंट म्हटलं, दुसऱ्याला निलपोटंट. लॅटिनमध्ये 'निल' म्हणजे काही नाही आणि 'पोटेन्स' म्हणजे समर्थ. गणितात पॉवर म्हणजे घात, म्हणून ज्याचा घात शून्य होतो तो निलपोटंट. पिअर्सने हेही दाखवलं की मर्यादित मितीच्या अशा प्रत्येक रचनेत या दोनपैकी एका प्रकारचा घटक तरी सापडतोच. त्यामुळे ही दोन नावं त्याच्या वर्गवारीचे खांबच ठरली.

साध्या संख्यांत असं काही होत नाही. शून्य नसलेली संख्या कितीही वेळा स्वतःशी गुणा, शून्य येत नाही. म्हणून निलपोटंट पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो विचित्र वाटतो, आणि वाटायलाच हवा.

पिअर्स 1880 मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याचा प्रबंध 'अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये छापून आला आणि त्याला त्याचा मुलगा चार्ल्स सँडर्स पिअर्स याने टिपणं जोडली. निलपोटंट मॅट्रिक्सच्या गोष्टीत मला मुलाचा वाटा फार मोलाचा वाटतो. त्याने दाखवून दिलं की वडिलांच्या यादीतली प्रत्येक रचना मॅट्रिक्सच्या रूपात लिहिता येते. बापाने ज्याला नुसतं अक्षर दिलं होतं, ते आता आकड्यांच्या चौकटीत मांडता येऊ लागलं, आणि नाहीसं होणं कागदावर पाहता येऊ लागलं.

ते पाहायला अमेरिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. नाशिक रोड, देवळाली, घोटी आणि इगतपुरी ही मुंबईच्या दिशेची चार स्टेशनं याच क्रमाने घ्या. गाड्या फक्त मुंबईकडेच जातात असं धरू. समजा शेजारच्या स्टेशनाला जाणारी एकेक गाडी आहे, एक स्टेशन सोडून जाणाऱ्या दोन-दोन आहेत, आणि नाशिक रोडहून थेट इगतपुरीला तीन आहेत. हे आकडे वेळापत्रकातले नाहीत, हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. ओळ म्हणजे जिथून निघायचं ते स्टेशन आणि स्तंभ म्हणजे जिथे पोहोचायचं ते:

```
N = [ 0  1  2  3 ]
    [ 0  0  1  2 ]
    [ 0  0  0  1 ]
    [ 0  0  0  0 ]
```

परतीची गाडी नाही म्हणून कर्णाच्या खाली सगळी शून्यं. निघालेल्याच स्टेशनावर पोहोचवणारी गाडी नसते म्हणून कर्णावरही शून्यं. अशा मॅट्रिक्सला काटेकोर वरची त्रिकोणी म्हणतात.

आता N चा वर्ग करू. नाशिक रोडच्या ओळीला इगतपुरीच्या स्तंभाने गुणलं की 1×2 आणि 2×1 मिळून 4 येतात. पहिला गुणाकार देवळालीला गाडी बदलण्याचे दोन पर्याय मोजतो, दुसरा घोटीला बदलण्याचे दोन. म्हणजे N² मधला तो 4 आकडा बरोबर दोन गाड्या पकडून इगतपुरी गाठण्याचे मार्ग सांगतो. नाशिक रोड ते घोटी असा दोन गाड्यांचा एकच मार्ग उरतो, देवळाली ते इगतपुरीही एकच, आणि बाकी सगळीकडे शून्य. कर्णाला चिकटून असलेली 1 ची पूर्ण तिरकी रांग गेली, कारण दोन गाड्या पकडल्या की किमान दोन स्टेशनं पुढे जावंच लागतं.

N³ मध्ये वरच्या उजव्या कोपऱ्यात एकुलता 1 उरतो: देवळाली आणि घोटी दोन्हीकडे बदल करत, तीन गाड्यांनी इगतपुरी. आणि N⁴? चार गाड्या पकडायच्या तर चार स्टेशनं पुढे जायला हवं, पण नाशिक रोडच्या पुढे यादीत तीनच स्टेशनं आहेत. म्हणून N⁴ च्या सोळाही जागा शून्य. गाड्यांची संख्या कितीही असू द्या, तीनऐवजी तीन हजार असल्या तरी हेच होणार. आकड्यांचा आकार इथे काही करत नाही, सगळं दिशेवर ठरतं. n स्टेशनं असतील तर n व्या घाताला काहीच उरू शकत नाही, आणि त्याच्या आधीच संपलं तर तेही चालतं.

आता आयगेनव्हॅल्यूंकडे वळू. मॅट्रिक्सने एखाद्या शून्य नसलेल्या व्हेक्टरची दिशा न बदलता त्याला फक्त λ पट केलं, तर λ ही त्या मॅट्रिक्सची आयगेनव्हॅल्यू. सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने 1883 मध्ये यांना सुप्त मुळं म्हटलं होतं. पाण्यात वाफ दडलेली असते किंवा तंबाखूच्या पानात धूर, तशी ती मॅट्रिक्समध्ये दडलेली असतात, असा त्याचा दाखला. आजचं नाव हिल्बर्टच्या 1904 च्या जर्मन लेखातून आलं.

निलपोटंट मॅट्रिक्समध्ये ती सगळी शून्य का, याचं कारण दोन ओळींत मावतं. Nv = λv असेल तर पुन्हा N लावल्यावर λ²v, मग λ³v, आणि k वेळा लावल्यावर λᵏv. पण Nᵏ शून्य आहे, म्हणून λᵏv = 0. v शून्य नाही, म्हणून λᵏ शून्य. आणि λ ही साधी संख्या असल्याने λ लाही शून्य व्हावंच लागतं. मॅट्रिक्सला जी सवलत आहे, शून्य नसूनही घाताने शून्य होण्याची, ती संख्येला नाही, एवढाच या सिद्धतेचा गाभा.

उलट दिशा मात्र इतकी फुकट मिळत नाही. सगळ्या आयगेनव्हॅल्यू शून्य असतील तर मॅट्रिक्सचं वैशिष्ट्य समीकरण, म्हणजे ज्याची उत्तरं तिच्या आयगेनव्हॅल्यू असतात ते समीकरण, λⁿ = 0 इतकंच राहतं. त्यावरून Aⁿ = 0 म्हणायला केली-हॅमिल्टन प्रमेय लागतं: मॅट्रिक्स स्वतःचं वैशिष्ट्य समीकरण पाळते. केलीने 1858 च्या लेखात हे 2×2 साठी दाखवलं, 3×3 साठी पडताळल्याचं सांगितलं, आणि सर्वसाधारण सिद्धतेचे कष्ट घेण्याची गरज वाटली नाही असं लिहून तो पुढे गेला. पूर्ण सिद्धता फ्रोबेनियसने 1878 मध्ये दिली.

इथे विद्यार्थी एका ठिकाणी हमखास घसरतात. 'सगळ्या आयगेनव्हॅल्यू' म्हणजे काल्पनिकसुद्धा. 3×3 मॅट्रिक्स एका अक्षावर सगळं शून्य करत असेल आणि उरलेल्या प्रतलाला नव्वद अंशांनी फिरवत असेल, तर तिची एकमेव वास्तव आयगेनव्हॅल्यू शून्य असते, पण ती निलपोटंट नसते. प्रतल फिरतच राहतं. तिच्या i आणि −i या दोन आयगेनव्हॅल्यू नजरेआड केल्या की उत्तर चुकलं.

आता त्या मुलीच्या लॅपटॉपकडे परत. तिच्याकडची A म्हणजे आपलीच N, फक्त निर्देशाक्ष बदलून सोंग घेतलेली. तिचा कर्ण −1, −2, −3, 6 असा आहे. बेरीज शून्य येते, पण एरवी तिच्याकडे पाहून काही कळत नाही. घात करत गेलं की सोंग उतरतं. A³ च्या चारही ओळी 0, 0, −1, 1 अशा एकसारख्या होतात. A च्या प्रत्येक ओळीतल्या आकड्यांची बेरीज शून्य आहे, म्हणून पुढचा गुणाकार केला की सगळं शून्य.

मग कॉम्प्युटर का अडखळला? पुन्हा स्टेशनांवर या. फक्त शेजारच्या स्टेशनाला नेणारी एकेक गाडी ठेवा, आणि इगतपुरीहून नाशिक रोडला परतणारी, गाडीचा अगदी नगण्य अंश म्हणावा अशी ε इतकी वाट उघडा. लगेच चक्र पूर्ण होतं आणि समीकरण λ⁴ = ε असं होतं. कॉम्प्युटर दशांश संख्या साधारण सोळा अंकांपर्यंतच धरून ठेवतो, म्हणून पूर्णांकांवरून सुरुवात केली तरी आकडेमोडीच्या वाटेवर कुठेतरी 10⁻¹⁶ एवढा फरक शिरतो. आणि 10⁻¹⁶ चं चौथं मूळ आहे 10⁻⁴, म्हणजे 0.0001. सोळाव्या स्थानावरची धूळ चौथ्या स्थानावर येऊन दिसते. A मधले आकडे एकपेक्षा मोठे असल्यामुळे तिचा फरक आणखी थोडा वाढतो.

हे ओळखायची खूण आहे. अशा खोट्या आयगेनव्हॅल्यू शून्याभोवती जवळपास चौरसाच्या चार कोपऱ्यांसारख्या बसतात आणि त्यांची बेरीज शून्याच्या फार जवळ येते. काल्पनिक भाग त्यामुळेच दिसतो, कारण चौथी मुळं चार दिशांना पसरतात. सोळा स्टेशनांची तशीच साखळी असती तर सोळावं मूळ काढावं लागलं असतं आणि शून्याच्या जागी 0.1 दिसला असता. इतकी मोठी संख्या पाहून कोणीही मॅट्रिक्स निलपोटंट नाही असंच म्हणेल.

म्हणून पूर्णांकांच्या मॅट्रिक्ससाठी मी मुलांना आयगेनव्हॅल्यू विचारायला सांगतच नाही. थेट घात करा. पूर्णांकांचा गुणाकार अचूक असतो, आकडे फार फुगेपर्यंत त्यात धूळ शिरायला जागाच नसते. आणि 4×4 साठी चौथा घात पुरतो, पाचव्याची वाट पाहावी लागत नाही. तिच्या लॅपटॉपवर पायथॉनमध्ये आयगेनव्हॅल्यू काढणारी पहिली ओळ आधीच टाइप केलेली होती, चौथा घात करणारी दुसरी तिने माझ्यासमोर टाइप केली:

```
np.linalg.eigvals(A)
np.linalg.matrix_power(A, 4)
```

दुसऱ्या ओळीच्या उत्तरात सोळा शून्यं आली, एकालाही दशांशचिन्ह नव्हतं.