साडेबारा व्होल्टचा भुलावा

मीटरवर साडेबारा व्होल्ट दिसले की बॅटरी ठणठणीत, असा अनेकांचा समज असतो. मग सौर पॅनेलवर चालणाऱ्या शाळेत प्रोजेक्टर अर्ध्या तासात बंद का पडतो?

लेड-ॲसिड बॅटरी वापरली की ॲसिडमधलं सल्फेट शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतं आणि द्रव पातळ होतो. चार्जिंगमध्ये ते परत द्रवात उतरतं. म्हणून द्रव किती जड आहे यावरून सेल किती भरलाय ते कळतं. हे मोजायला हायड्रोमीटर लागतो; तो द्रवाची घनता पाण्याच्या तुलनेत दाखवतो.

समजा, शाळेत 150 अँपिअर-अवरच्या दोन ट्युब्युलर बॅटऱ्या आहेत, प्रत्येकीत सहा, म्हणजे एकूण 12 सेल. पूर्ण चार्जनंतर 11 सेल 1.240 दाखवतात, एक मात्र 1.180. सेलच्या घनतेत 0.84 मिळवले की त्याचं विश्रांतीतलं व्होल्टेज ढोबळमानाने मिळतं. चांगला सेल 2.08, दुबळा 2.02. त्या बॅटरीचं व्होल्टेज 12.48 ऐवजी 12.42 भरेल, आणि एवढ्याशा फरकाकडे कोण लक्ष देतं? लोड पडला की मात्र हाच सेल आधी बसतो.

म्हणून महिन्यातून एकदा, चार्ज पूर्ण झाल्यावर दोनेक तास थांबून, बाराही सेलांचे आकडे वहीत लिहावेत. वर दिलेले आकडे द्रव 27 अंश सेल्सिअसवर असतानाचे. द्रव 37 अंशांवर असेल तर वाचलेल्या आकड्यात 0.007 मिळवायचे. गॉगल आणि रबरी हातमोजे हवेतच. नुकतंच पाणी घातलं असेल तर मोजू नये, ते वरच तरंगत असतं आणि घनता खोटी कमी दिसते.

चार्जिंगच्या शेवटी पाण्याचं विघटन होऊन वायू निघून जातात, ॲसिड मागे राहतं. त्यामुळे भर फक्त डिस्टिल्ड वॉटरची, तीही चार्जिंगनंतर, खुणेपर्यंतच. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घालावं. बोअरचं किंवा आरओचं पाणी चालत नाही. खरी अडचण मे महिन्याच्या सुट्टीत येते: ऊन भरपूर, लोड शून्य, बघणारं कुणी नाही. सुट्टी लागताना पातळी भरावी आणि मध्ये एकदा कुणीतरी चक्कर मारावी.

निघणाऱ्या वायूंत हायड्रोजन असतो. हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की पेट घेतो. खंडेनवमीला बॅटरीला हळद-कुंकू वाहा हवं तर, पण उदबत्ती आणि निरांजन त्या खोलीबाहेरच.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर सप्लाय बंद करून आधी निगेटिव्ह वायर सोडवावी. झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावं. सोडा सेलमध्ये गेला तर ॲसिडच मारतो. कोरडं झाल्यावर वायर कसून वर पेट्रोलियम जेली.

आता तो 1.180 चा सेल. उत्पादकाच्या सूचनेनुसार इक्वलायझिंग चार्ज, म्हणजे सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम जास्तीचा चार्ज, द्यावा आणि पुन्हा मोजावं. वर आला तर प्लेटांवरचं सल्फेट अजून कोवळं होतं, कडक झालेलं नव्हतं. तरीही 0.040 हून अधिक मागे राहिला, किंवा बाकीचे उकळत असताना हा गप्पच बसला, तर ती बॅटरी गेली. डबा फुगला असेल तर वाटच बघू नये. आणि संच चार-पाच वर्षांचा असेल तर दोन्ही बदलाव्यात. जुनीच्या जोडीला नवी लावली की जुनी आधी रिकामी होते आणि चार्जिंगचं गणित दोघींचंही बिघडतं.