प्रक्रिया क्षमता निर्देशांक : Cp आणि Cpk

उत्पादन प्रक्रियेतला नैसर्गिक विखुरलेपणा आराखड्यावर दिलेल्या मर्यादांत किती मावतो हे सांगणारी दोन एककरहित गुणोत्तरे. वरची मर्यादा USL, खालची LSL, प्रक्रियेचे माध्य μ आणि प्रमाण विचलन σ धरल्यास :

```
Cp  = (USL − LSL) / 6σ
Cpk = min[(USL − μ) / 3σ, (μ − LSL) / 3σ]
```

Cp मध्ये माध्य येतच नाही. प्रक्रिया मध्यावर आणली तर ती जास्तीत जास्त काय साधू शकेल, एवढेच तो दाखवतो. Cpk जवळच्या मर्यादेपर्यंतचे अंतर मोजतो, म्हणून तो Cp पेक्षा कधीच मोठा नसतो. माध्य बरोबर मध्यावर असेल तेव्हा दोन्ही समान होतात आणि माध्य मर्यादेबाहेर गेले की Cpk ऋण होतो.

उगम. ६σ या रुंदीची टॉलरन्सशी, म्हणजे दोन मर्यादांतल्या अंतराशी, तुलना करण्याची पद्धत निर्देशांकांपेक्षा जुनी आहे. Cp चे श्रेय सहसा जोसेफ ज्युरान यांना आणि त्यांच्या १९७४ च्या हस्तपुस्तिकेला दिले जाते. Cpk मात्र जपानी कारखान्यांच्या व्यवहारातून आला असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि त्याचे जुने रूप Cpk = Cp(१ − k) असे होते. येथे k म्हणजे माध्य मध्यापासून जितके सरकले त्याचे अर्ध्या टॉलरन्सशी प्रमाण. फोर्ड कंपनीतील व्हिक्टर केन यांच्या १९८६ च्या लेखानंतर हे निर्देशांक अमेरिकी वाहन उद्योगात रुळले. एका व्यक्तीला श्रेय देण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने घडलेली पद्धत म्हणून त्यांच्याकडे पाहणे अधिक सयुक्तिक वाटते.

उदाहरण. सीएनसी लेथवर २०.००० ± ०.०३० मिमी व्यासाची पिन बनते. माध्य २०.०१२ मिमी आणि σ ०.००७५ मिमी आहे. टॉलरन्स ०.०६० आणि ६σ ०.०४५, म्हणून Cp १.३३. वरच्या मर्यादेपर्यंतचे अंतर ०.०१८ आणि ३σ ०.०२२५, म्हणून Cpk ०.८०. वितरण प्रसामान्य असल्यास दहा लाखांत सुमारे ८,२०० पिना जाड निघतील. खालच्या बाजूला बाद होणाऱ्या पिना नगण्य.

या दोन आकड्यांतली दरीच निदान सांगते. यंत्राची अचूकता पुरेशी आहे, सेटिंग सरकले आहे. व्यासाच्या हिशेबात ०.०१२ मिमीचा ऑफसेट दिला की Cpk १.३३ वर येतो आणि दोन्ही बाजू धरून दहा लाखांत सुमारे ६३ पिनाच मर्यादेबाहेर जातात. याउलट Cp च ०.८० असता, तर ऑफसेट कितीही फिरवून उपयोग नव्हता. स्पिंडल, पकड, कापणारा इन्सर्ट किंवा मुळातली टॉलरन्स यांकडे वळावे लागले असते.

σ कोणता घ्यायचा. व्यवहारातले बहुतेक वाद येथे उद्भवतात. पाच-पाच पिनांचे उपगट घेऊन त्यांच्या सरासरी पल्ल्याला, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मापांतल्या सरासरी फरकाला, पाचच्या उपगटासाठीच्या २.३२६ या स्थिरांकाने भागले की उपगटांतर्गत σ मिळतो, वरील ०.००७५ असाच, सरासरी पल्ला ०.०१७४ असताना. पण इन्सर्ट झिजतो तसा बाहेरचा व्यास हळूहळू वाढतो. ही वाढ उपगटाच्या आत जवळजवळ दिसत नाही. पूर्ण पाळीतील सर्व मापांचे प्रमाण विचलन ०.०११ आले, तर Cp चे तेच गुणोत्तर १.३३ ऐवजी ०.९१ होते. सर्व मापांच्या σ वरून काढलेल्या आकड्यांना Pp आणि Ppk म्हणतात. ग्राहकाच्या हाती जे पडते त्याचे चित्र हेच आकडे अधिक खरे दाखवतात. Cp आणि Pp मध्ये मोठा फरक दिसला, तर नियंत्रण आलेखाकडे परतावे; प्रक्रिया स्थिर नसताना Cpk वरून उद्याच्या उत्पादनाचे भाकीत करता येत नाही.

मूल्यांचा अर्थ. माध्य मध्यावर आणि वितरण प्रसामान्य असताना १.०० म्हणजे दहा लाखांत सुमारे २,७०० सदोष नग, १.६७ म्हणजे एकाहूनही कमी. वाहन उद्योगात नवा भाग मंजूर करताना १.६७ च्या वर स्वीकार, १.३३ च्या खाली नकार आणि मध्ये ग्राहकाचा निर्णय, असा संकेत आहे. चाकण-पिंपरीच्या पुरवठादारांना तो परिचित आहे.

नमुना लहान असेल तर Cpk चा आकडा फार सैल असतो. केवळ ३० नगांवरून १.३३ मिळाला, तर ९५ टक्के विश्वासाने खरे मूल्य साधारण ०.९७ ते १.६९ यांत कुठेही असू शकते. रनआउट म्हणजे फिरताना भागाचे होणारे डगमगणे, अशा शून्याखाली जाऊच न शकणाऱ्या मापांना खालची मर्यादा नसते. त्यांच्यासाठी Cp काढता येत नाही. फक्त वरच्या बाजूचे गुणोत्तर काढतात, आणि वितरण तिरपे असल्यामुळे प्रसामान्य कोष्टकावरून काढलेला सदोष नगांचा अंदाजही फसतो.