काळी बाहुली, रंगीत संध्याकाळ: सावलीची फिल्म करून घेण्याआधी वाचा

आम्ही तिघंजण ठाण्यात चरईतल्या एका पहिल्या मजल्यावरच्या खोलीत कागदी बाहुल्यांच्या सावलीफिल्म करतो. मागे रंगीत, मऊ उजेड आणि त्यापुढे काळ्या आकृत्या, एवढंच त्यात दिसतं. लग्नाची पत्रिका, पंचाहत्तरी, एखाद्या दुकानाची जाहिरात असं काहीतरी घेऊन तुम्ही येता आणि पहिल्या भेटीत आम्ही तुम्हाला बरेच विचित्र प्रश्न विचारतो. आजींचा बाजूने काढलेला फोटो आहे का? साडी सहावारी की नऊवारी? काठी उजव्या हातात की डाव्या? हे प्रश्न का पडतात, ते कळावं म्हणून हे पत्रक.

या प्रकारात बाहुलीला डोळे नसतात, कपड्यांना रंग नसतो, चेहऱ्यावर हसू नसतं. ती आतून पूर्ण काळी. त्यामुळे जे काही सांगायचं ते तिच्या कडेने आणि मागच्या उजेडाने सांगायचं. पिंगुळीचे ठाकर कलाकार चामड्याच्या छायाबाहुल्या पडद्यामागून हाताने नाचवतात, तो खेळ समोर घडतो. आमची बाहुली मात्र काचेवर आडवी पडलेली असते, वरून कॅमेरा खाली बघत असतो, आणि आम्ही तिला जरासं सरकवून एक फोटो, पुन्हा सरकवून पुढचा फोटो, असं करत जातो. जर्मनीत लोटे रायनिगर यांनी याच रीतीने १९२६ साली पूर्ण लांबीची फिल्म पुरी केली. रायनिगर काळ्या पुठ्ठ्याबरोबर शिशाचे पातळ पत्रेही वापरत, म्हणजे बाहुली जागेवर दबून राही. आम्ही शिसं वापरत नाही. बाहुलीच्या पोटाखाली पातळ वॉशर चिकटवला की काम भागतं.

आता उजेडाबद्दल, कारण सगळ्यात जास्त विचारणा त्याचीच होते: "हा आकाशाचा रंग कॉम्प्युटरवर भरलात ना?" नाही. तो घोटीव कागद आहे, आकाशकंदिलाचा. टेबलात सगळ्यात खाली एलईडी पॅनल, त्याच्यावर थोडी जागा सोडून साधी काच आणि त्या काचेवर रंगीत कागद. त्याच्यावर साधारण ८ सेंटिमीटरवर दुधी ॲक्रिलिकची शीट, आणि त्या शीटवर बाहुल्यांची काच. ही ८ सेंटिमीटरची पोकळी म्हणजे या टेबलाचं गुपित. कागद दुधी शीटला अगदी टेकवला, तर त्याची कड सरळ रेघेसारखी दिसते. खाली नेला की कड विरघळते आणि नारिंगी नकळत गुलाबीत, गुलाबी जांभळ्यात जातो. कागद आम्ही कात्रीने कापत नाही, हाताने फाडतो, म्हणजे उरलीसुरली रेघही जाते. उलट, डोंगर किंवा तळ्याचा काठ स्पष्ट हवा असेल तर ते आकार बटर पेपरचे कापून थेट काचेखाली ठेवायचे. लांबच्या डोंगराला एक पदर, जवळच्याला तीन. जितके पदर जास्त, तितका उजेड अडतो आणि डोंगर गडद होत जवळ येतो.

मागच्या पावसाळ्याआधी केलेली एक फिल्म उदाहरणादाखल सांगतो. नाव सांगत नाही, पण घरच्यांनी हे लिहायला परवानगी दिली आहे. आजींची पंचाहत्तरी. गोष्ट साधी: संध्याकाळी आजी नातवाला घेऊन तलावपाळीवर येतात, बाकावर बसतात, नातू कागदाची होडी पाण्यात सोडतो आणि अंधार पडतो. एकूण ४५ सेकंद. सेकंदाला आम्ही १२ फोटो धरतो, म्हणजे ५४० फोटो. (सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, तिथे आमचा प्रत्येक फोटो दोनदा येतो. कापलेल्या बाहुलीची चाल त्यात छान बसते. २४ वेगळे फोटो काढले तर दुप्पट दिवस लागतात आणि गंमत मात्र कमीच होते, असं आमचं मत.)

पहिला आठवडा फक्त आजींच्या कडेवर गेला. घरच्यांनी दिलेले सगळे फोटो समोरून काढलेले होते. समोरून कापलेला चेहरा म्हणजे काळा बटाटा, तो कोणाचाही असू शकतो. शेवटी आम्ही मोबाइलवर बाजूने फोटो काढायला सांगितला आणि मग ओळख पटवणाऱ्या तीन गोष्टी सापडल्या: मानेवर खाली बसलेला अंबाडा, जरा पुढे झुकलेले खांदे आणि काठी धरलेला हात अंगापासून लांब ठेवण्याची सवय. नाक नेहमीच आम्ही खऱ्यापेक्षा किंचित लांब कापतो. हात अंगावर दुमडलेला असेल तर सावलीत तो दिसतच नाही, म्हणून पिशवी धरलेला हातसुद्धा थोडा लांब ठेवला. पदराच्या काठाला आतून बारीक जाळी कापली, तिच्यातून नारिंगी उजेड येतो आणि साडी साडी वाटते.

बाहुली १४ सेंटिमीटर उंच, ३०० जीएसएमच्या काळ्या कार्डाची. यापेक्षा पातळ कागद ठाण्याच्या हवेत दोन दिवसांत वळतो, कड काचेवरून उचलली जाते आणि तिथे काळ्याऐवजी धुरकट रेघ दिसते. सांध्यांना बारीक तार. दोन तुकडे जिथे एकमेकांवर चढतात तिथे दोघांची टोकं एकाच मापाच्या गोलात कापावी लागतात आणि तार बरोबर त्या गोलाच्या मध्यात जावी लागते. नाहीतर कोपर वाकला की फटीतून उजेड डोकावतो. ही चूक मोबाइलवर दिसत नाही, हॉलमध्ये पडद्यावर लागलीच दिसते.

आजी सहावारी नेसतात, त्यामुळे पाय दिसतच नाहीत. काम सोपं झालं असं वाटेल, पण चालणं दाखवायचं कशाने? साडीच्या खालच्या घेराला एक वेगळा सांधा दिला, तो पावलागणिक पुढे-मागे होतो. डोकं प्रत्येक पावलाला केसभर खाली जातं. आणि काठी. काठीचं टोक टेकल्यावर ते काचेवरच्या त्याच ठिकाणी राहिलं पाहिजे आणि आजी पुढे सरकल्या पाहिजेत. टोक सरकलं की बाई बर्फावर घसरतायत असं वाटतं. तरुण माणसाचं पाऊल आम्ही ६ फोटोंत टाकतो, आजींचं ९ फोटोंत, प्रत्येक फोटोला ३ मिलिमीटर पुढे. १६ पावलं, १४४ फोटो, १२ सेकंद. बाकापर्यंत पोचायला एक पूर्ण दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ लागली.

बाकाजवळ अडचण आली. घरच्यांना बाक पिंपळाखाली हवा होता. काळ्या खोडापुढे काळ्या आजी बसल्या की दोघांचा मिळून एक ढीग होतो. सावलीत पुढचं-मागचं नसतं, दोन काळ्या गोष्टी भेटल्या की त्यांची एकच होते. म्हणून झाड बाकापासून चार बोटं बाजूला नेलं आणि त्याची फक्त एक फांदी आजींच्या डोक्यावर आणली. आणखी एक: बाजूने कापलेली बाहुली मान वळवू शकत नाही. आजींनी वळून नातवाकडे बघावं अशी मागणी होती. तिथे नातूच खोडामागून दुसऱ्या बाजूला आणला. तुमच्या गोष्टीत कोणी वारंवार मागे वळत असेल तर तोंड फिरवलेली वेगळी बाहुली कापावी लागते, ते आधीच सांगा.

सूर्यास्तासाठी दिवा मंद केला नाही. स्वस्त डिमरवर एलईडी मंद केली की ती डोळ्याला न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकते आणि प्रत्येक फोटोत कमी-जास्त उजेड येतो. त्याऐवजी नारिंगी कागद दर ४ फोटोंना १ मिलिमीटर मागे ओढत गेलो. ५४० फोटोंत तो साडेतेरा सेंटिमीटर सरकला आणि त्याच्या जागी निळा-जांभळा उतरला. यामुळेच आजी दोन सेकंद नुसत्या बसल्या आहेत तिथेही आम्ही २४ वेगळे फोटो काढले. एकच फोटो लांबवला असता तर आकाशही थबकलं असतं.

कॅमेऱ्यावर काहीच ऑटोमॅटिक ठेवत नाही. व्हाइट बॅलन्स रंगीत कागद घालण्याआधी कोऱ्या दुधी उजेडावर ठरवून तिथेच बांधून टाकतो, नाहीतर कॅमेरा संध्याकाळचा नारिंगी रंग चूक समजून पुसत बसतो. उजेडाचं मापही आकाशावरून घेतो, बाहुलीवरून नाही. ते जास्त झालं तर उजेड कडेवरून आत सांडतो आणि बारीक गोष्टी खाऊन टाकतो. आजींची काठी पहिल्या चाचणीत अशीच अर्धी गायब झाली होती. ती दीडऐवजी अडीच मिलिमीटर जाड कापली आणि एक्सपोजर थोडं उतरवलं. खोलीत वरचा एकही दिवा लावत नाही, खिडकीला काळं कापड, अंगात काळा शर्ट. वरून थोडासा जरी उजेड पडला तरी कार्ड राखाडी दिसतं आणि सांध्याच्या तारा चमकतात. पंखा बंद, हे सांगायला नकोच. मे महिन्यात चरईत पंख्याविना बसणं म्हणजे काय, ते तुम्हीही जाणता.

सुरुवातीच्या काळात एका फिल्मचं आकाश श्वास घेतल्यासारखं कमी-जास्त व्हायचं. आठवडाभर शोधलं. शेजारचा फ्रिज सुरू झाला की आमचे दिवे एक क्षण बसत होते. आता पॅनल स्थिर व्होल्टेजच्या वेगळ्या सप्लायवर आहे. ढोलताशाचा मात्र उपाय सापडलेला नाही, टेबल थरथरतं. गणपतीत आम्ही शूटिंग ठेवत नाही, त्या तारखा धरून ऑर्डर द्या.

तुमची संमती आम्ही दोनदाच घेतो: बाहुल्या कापून काचेवर मांडल्यावर आणि रंगीत आकाशाचा एक फोटो काढल्यावर. त्यानंतर मधलाच बदल करता येत नाही. होडी थोडी आधी सोडा, असं विसाव्या सेकंदाला वाटलं तर तिथून पुढचं सगळं पुन्हा काढावं लागतं, कारण बाहुली, कागद, आकाश सगळंच एकत्र पुढे गेलेलं असतं. त्याचे पैसे वेगळे पडतात आणि ते आम्ही आधीच सांगून ठेवतो.

फिल्म तयार झाल्यावर ती व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पुढे पाठवू नका. फाइल दाबली जाते आणि मऊ आकाशात जिन्यासारखे पट्टे उमटतात. आम्ही चित्रात अगदी बारीक दाणा मिसळतो, त्याने पट्टे कमी होतात, जात नाहीत. डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर फाइल जशीच्या तशी जाते. हॉलमध्ये दाखवायची असेल तर आधी प्रोजेक्टरवर एकदा लावून बघा. हॉलचे दिवे चालू राहिले तर आमचा काळा रंग राखाडी होतो आणि आकाश फिकं पडतं, त्यावर आमच्याकडे इलाज नाही.

बाहुल्या शेवटी तुम्हालाच परत देतो, पुठ्ठ्याच्या खोक्यात, दोन कागदांमध्ये सपाट ठेवून. आत सिलिका जेलची पुडी असते, ती निदान पावसाळाभर काढू नका. आजींची बाहुली त्यांच्या घरी काचेच्या चौकटीत लावली आहे, मागे छोटा दिवा ठेवून.